मागच्या पानावरचे गुरुजी

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा घरोघर पोचली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आले, दीक्षा ॲपच्या लिंका आल्या, दूरदर्शनवर पाठ झाले. सोलापूरच्या नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतीवरच धडे रंगवले. ज्या घरात एकच फोन आणि तोही दिवसभर बापाच्या खिशात, तिथे मात्र कागदाला पर्याय नव्हता. अनेक शिक्षकांनी मग आपापल्या परीनं आठवड्याच्या अभ्यासाचे संच काढले, झेरॉक्स करून वाटले आणि पुढच्या आठवड्यात गोळाही केले.

महामारी ओसरली म्हणून हा विषय संपला असं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळा बंद होत्याच. अतिवृष्टीच्या सुट्ट्या तर दर पावसाळ्यात ठरलेल्या असतात. त्यामुळे असा संच आधी तयार करून कपाटात ठेवावा, हे शहाणपणाचं. पण तो कसा असावा, यावर फारशी चर्चा होत नाही. प्रश्न कोणते घालायचे यावर शिक्षक तास-तास बोलतात. उत्तरसूची मात्र शेवटी, घाईघाईत, एका कोपऱ्यात बारीक टाइपात बसवली जाते.

माझ्या मते इथेच सगळं बिघडतं. आई-बाप मजुरीवर गेलेत किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यात आहेत, घरी आजी आहे पण तिला अक्षरओळख नाही, अशा मुलाला प्रश्न पाठवणं सोपं असतं. त्यानं सोडवलेलं बरोबर की चूक, आणि चूक असेल तर आता करायचं काय, हे सांगणारं मात्र तिथे कोणीच नसतं. वर्गात हे काम पाठीमागून फिरणारे गुरुजी किंवा बाई करतात. संचात ते उत्तरांच्या पानाला करावं लागतं. म्हणून संच बनवायला बसताना मी तरी उत्तरांच्या पानापासून सुरुवात करीन.

चौथीचं एक गणित घेऊ. ५०३ वजा २६७. नेहमीच्या उत्तरसूचीत यापुढे २३६ एवढंच लिहिलेलं असतं. समजा, संगीता नावाच्या मुलीला ३६४ आलं. ती सूची बघते, आपलं चुकलं हे तिला कळतं, ती ३६४ खोडते आणि २३६ लिहिते. तिचं काय चुकलं हे तिला कळलेलं नाही. वही मात्र बरोबर दिसते आहे. पुढच्या गणितात ती पुन्हा तेच करणार, कारण तिच्या दृष्टीनं तिची रीत ठीकच आहे, फक्त उत्तर का कोण जाणे जुळत नाही.

आता ३६४ कुठून आलं ते पाहा. एककाच्या घरात वर ३, खाली ७. तीनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून तीन वजा केले आणि ४ लिहिले. दशकात वर शून्य, खाली ६, तिथे ६ लिहिले. शतकात पाचातून दोन गेले, उरले ३. म्हणजे प्रत्येक घरात तिनं मोठ्या अंकातून लहान अंक काढला, कोण वर आणि कोण खाली हे पाहिलंच नाही. यात निष्काळजीपणा नाही. ही एक पक्की, पण चुकीची रीत आहे आणि ती जगभरच्या मुलांत सापडते. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईनं अभ्यास केला. मुलांच्या पुष्कळशा चुका मनाला येईल तशा नसतात, त्यांमागे एक ठरलेली रीत असते, असं त्यांनी मांडलं. जुन्याजाणत्या शिक्षकाला हे अनुभवानं ठाऊक असतंच. उत्तर बघितल्याबरोबर तो सांगतो, ‘याचं शून्यापाशी अडलंय.’

चुका ठरलेल्या असतील, तर त्यांची उत्तरंही ठरलेली असतात. आणि ती आधीच छापता येतात. याच गणितासाठी उत्तरांच्या पानावर असं लिहिता येईल:

‘२३६ आलं? बरोबर. आता २३६ मध्ये २६७ मिळवून बघ, ५०३ येतात का.

३६४ आलं? तू प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलास. आपल्याला वरच्या संख्येतून खालची काढायची आहे. वर ३ आहेत, खाली ७. तीनातून सात जात नाहीत, मग कुणाकडून घ्यायचं? पान २ वरचं सोडवलेलं उदाहरण परत बघ.

२४६ आलं? शतक सुटं करून तू दहा दशक केलेस, ते छान. पण त्यातला एक दशक तू एककाला दिलास. मग दशकाच्या घरात किती उरले?

३३६ आलं? शतकाच्या घरातून तू एक शतक सुटं केलंस. तिथे आता पाचच आहेत का?

२६६ आलं? तू शतकाकडून थेट एककाकडे गेलास की गेलीस? मध्ये दशकाचं घर आहे. शतक आधी तिथे सुटं होतं.

दुसरंच काही आलं? शंभराच्या ५ आणि एक रुपयाच्या ३ खोट्या नोटा कागदाच्या कर. त्यातून कुणाला २६७ रुपये द्यायचे आहेत. सुटे करत करत दे. किती उरले ते मोज.’

एका गणिताला एवढी जागा लागते. म्हणून दिवसाला तीस गणितं द्यायचा मोह सोडावा लागतो. दिवसाला सहा पुरतात. त्यातलं पहिलं पूर्ण सोडवून दाखवलेलं असावं, दुसऱ्यात काही चौकटी रिकाम्या ठेवाव्यात, पुढची मुलानं स्वतः करावीत. एक-दोन गणितं मागच्या आठवड्याच्या भागावरची असावीत. सविस्तर उत्तर सहाही गणितांना लागत नाही. जिथे नवी पायरी आहे अशा एक-दोन गणितांना ते द्यावं, बाकीच्यांना नुसतं उत्तर चालतं.

अशा गणितासाठी संख्या निवडणं हे एक वेगळंच काम आहे आणि ते बसून करावं लागतं. उदाहरणार्थ ६१ वजा १६. बरोबर उत्तर ४५. मोठ्यातून लहान काढणाऱ्या मुलाला ५५ येतात. जो हातचा घेतो पण दशकातला एक कमी करायला विसरतो, त्यालाही ५५ च येतात, कारण अकरातून सहा गेले तरी पाच आणि सहातून एक गेला तरी पाच. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. आता उत्तरांचं पान ५५ वाल्या मुलाला काय सांगणार? त्याऐवजी ६२ वजा १८ घ्या. बरोबर उत्तर ४४. पहिल्या चुकीला ५६ येतात, दुसरीला ५४. चुका वेगळ्या पडल्या. एककातल्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, तर ही गफलत होते. म्हणून संख्या ठरवताना प्रत्येक गणित आधी मुद्दाम चुकीच्या रीतींनी सोडवून बघावं. शिक्षकांच्या बैठकीत हे काम करायला गंमत येते, असा माझा अनुभव आहे. सगळे एकदम आपापल्या वर्गातली ‘हुकमी’ चूक सांगायला लागतात.

यात ताळ्यालाही जागा आहे. वजाबाकीचा ताळा म्हणजे उत्तरात खालची संख्या मिळवून वरची संख्या येते का ते पाहणं. ही सोय मुलाच्या स्वतःच्या हातातली असते, तिला छापील पान लागत नाही. पण ताळ्यालाही मर्यादा आहे. ज्याला हातच्याचीच भानगड आहे, तो बेरीज करतानाही हातचा विसरू शकतो आणि बरोबर उत्तराला चूक ठरवू शकतो. जुन्या माणसांचा नवाचा ताळा तर अंकांची अदलाबदल पकडतच नाही. २३६ च्या जागी २६३ लिहिलं, तरी अंकांची बेरीज तीच राहते. म्हणून आधी ताळा, मग उत्तरांचं पान, असा क्रम ठेवावा.

मराठीच्या बाबतीत गोष्ट थोडी अवघड होते. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मावत नाही. समजा, हरवलेल्या शेळीची बारा ओळींची गोष्ट आहे. ‘शेळी कुठे सापडली?’ याचं उत्तर गोष्टीतच असतं. तिथे उत्तरांच्या पानावर आधी ‘सातवी ओळ परत वाच’ असं लिहावं आणि खरं उत्तर त्याच पानावर खाली, उलटं छापावं. ओळींना आकडे दिले की हे सहज जमतं. ‘शेळी घरी यायला का तयार नव्हती?’ याला दोन-तीन उत्तरं बरोबर ठरू शकतात. तिथे ती दोन-तीनही द्यावीत आणि ‘तुझं यापैकी कशाशी जुळतं?’ एवढंच विचारावं. ‘तुझं एखादं जनावर हरवलं तर तू काय करशील?’ याला उत्तरच छापायचं नाही. तिथे तपासणीचे तीन प्रश्न पुरेत: निदान पाच वाक्यं झाली का, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे का, आणि शेजारच्याला वाचून दाखवलं तर त्याला कळेल का. यापेक्षा जास्त काही तपासायला मुलाला सांगू नये. आपण मोठी माणसं तरी आपल्याच लेखनातल्या किती चुका पकडतो?

शुद्धलेखनाला माणूस लागतोच, असं वाटतं, कारण श्रुतलेखन कोणी तरी सांगावं लागतं. पण शब्द बघायचा, हातानं झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग झाकण काढून अक्षराला अक्षर ताडून बघायचं, ही रीत एकट्यालाही करता येते. ‘दिवस’ आणि ‘दीड’ असे ह्रस्व-दीर्घाचे सहा शब्द एका आठवड्यात पुरे. परिसर अभ्यासाचं मी फार मनावर घेत नाही. आठवड्याला एक निरीक्षण द्यावं, घरात दिवसभरात पाण्याच्या किती कळश्या लागतात एवढं मोजायला सांगितलं तरी चालतं. तिथे बरोबर-चूक नसतं, उत्तरांच्या पानाचंही काम नसतं.

आता नेहमीचा आक्षेप. उत्तरं सोबत दिली, तर मुलं ती उतरवून काढतील. उतरवतील ना, नक्कीच. म्हणून कोणी उत्तरांचं पान वेगळ्या पाकिटात घालून चिकटवतं, कोणी ते आठवड्यानंतर देतं. वेगळं दिलं तर तपासायचा क्षण निघून जातो, आणि चिकटवलेलं पाकीट उघडायला कितीसा वेळ लागतो? मूल उतरवतं ते बहुधा आळसानं नव्हे, तर वही लाल होईल या धास्तीनं. म्हणून संचाला गुण देऊ नयेत. मुलानं पेन्सिलीनं सोडवावं, तपासताना पेन घ्यावं आणि खोडरबर बाजूला ठेवावा. चुकलेलं गणित एका आडव्या रेघेनं कापून खाली परत करावं. प्रत्येक गणितापुढे तीन चौकटी असाव्यात: ‘स्वतः आलं’, ‘उत्तर बघून कळलं’, ‘अजून कळलं नाही’. शिक्षकासाठी यातली तिसरी चौकट सगळ्यात कामाची. ती कोरी राहिली आणि वही निर्दोष असली, तर शंका घ्यावी.

शंका खरी की खोटी, हे कळायला शेवटचं पान असतं. त्या पानाची उत्तरं संचात नसतात. त्यावर आठवड्याच्या भागावरचीच पाच गणितं असतात आणि वर ठळक लिहिलेलं असतं, ‘हे पान गुरुजी तपासणार, चुकलं तरी चालेल.’ समजा, त्यावर ७०४ वजा ३५८ आहे. संगीतानं आधीच्या पानावर ५०३ वजा २६७ चं उत्तर २३६ लिहिलं आहे, स्वतः आल्याची चौकटही भरली आहे आणि इथे मात्र ४५४ लिहिलं आहे. बरोबर उत्तर ३४६. ४५४ म्हणजे पुन्हा मोठ्यातून लहान. तिनं आधीचं उतरवलं होतं, किंवा उत्तरांच्या पानावरचं तिला वाचता आलं नव्हतं. तिनं ३५६ लिहिलं असतं, तर गोष्ट वेगळी. तिला हातचा कळला, फक्त शून्य ओलांडताना एक दशक जास्त राहिला. पहिल्या बाबतीत तिला नोटांपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, दुसऱ्या बाबतीत एक सोडवलेलं उदाहरण पुरेल.

वाचता न येणं हीच या सगळ्या उद्योगाची खरी हद्द आहे. उत्तरांच्या पानावर कितीही प्रेमानं लिहा, मुलाला ते वाचता आलं नाही तर तो नुसता कागद. असर २०२२ च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४२.८ टक्के होतं. म्हणजे पाचवीच्या वर्गातही निम्म्याहून अधिक मुलं अशा पानापुढे अडतील. त्यांच्यासाठी वाक्यं आणखी छोटी हवीत आणि शब्दांच्या जागी चित्रं हवीत. नोटांची रांग काढावी, एक शंभराची नोट बाणानं दहाच्या दहा नोटांकडे न्यावी, आणि चूक रांगेवर फुली मारावी. पहिली-दुसरीच्या मुलाला एकट्यानं वापरता येईल असा संच मला तरी बनवता येईल असं वाटत नाही. तिथे थोरलं भावंड लागतं. म्हणून एकाच घरातल्या दुसरीच्या आणि चौथीच्या संचांची वेळ जुळवावी. चौथीतल्या ताईच्या संचात ‘आज धाकट्याला हे सहा शब्द सांग’ अशी एक ओळ घातली, की दोघांचंही काम होतं.

वाटपाचं गणितही मांडून ठेवावं लागतं. चौथीचा संच साधारण चौदा पानांचा होतो: पाच दिवसांची दहा, मुखपृष्ठ एक, उत्तरांची दोन आणि शेवटचं एक. पाठपोट छापला तर सात कागद. पटावर चोवीस मुलं असतील, तर एका आठवड्याला ३३६ पानांची छपाई. तालुक्याच्या गावी एकगठ्ठा झेरॉक्स काढली तर पानामागे दर कमी पडतो, पण कोणी तरी ते आणायला जावं लागतं. बाजाराचा दिवस त्यासाठी बरा. रेशन दुकान, अंगणवाडी, दूध डेअरी अशा एका ठरलेल्या ठिकाणी नवा संच न्यायचा आणि जुना ठेवायचा.

नव्यानं संच काढणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. त्यांना वाटतं, पहिल्या संचात दिसलेल्या चुकांवर दुसरा संच बेतता येईल. तसं होत नाही. पहिला संच ज्या दिवशी परत येतो, त्याच दिवशी दुसरा दिला जातो, म्हणजे दुसरा आधीच छापून तयार असतो. पहिल्यातल्या चुका तिसऱ्या संचातच पोचतात. त्यामुळे दुसऱ्या संचात नवं काही सुरू करू नये, तो सरावाचा ठेवावा. तातडीचं काही असेल, तर हातानं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी दुसऱ्या संचात सरकवावी. २०२१ च्या सेतू अभ्यासात दिवसनिहाय कृतिपत्रिका होत्या आणि मध्ये ठरावीक अंतरानं चाचण्या होत्या, ती रचना आधार म्हणून चांगली आहे. पण ती राज्यभराच्या सगळ्या मुलांसाठी एकच होती. अमक्या वाडीतल्या अमक्या मुलाचं शून्यापाशी अडलंय, हे त्यात येणं शक्यच नव्हतं. ते काम शाळेच्या पातळीवरच होतं.

सगळ्यात वाईट अपघात मात्र प्रश्नपत्रिकेत होत नाही, उत्तरांच्या पानावर होतो. छापताना २३६ चं २३९ झालं, तर काय होईल? वर्गात एखादं पोर हात वर करून ‘बाई, पुस्तकात चुकलंय’ म्हणतं आणि सगळे हसतात. घरी एकटं असलेलं मूल स्वतःचं बरोबर उत्तर खोडतं आणि २३९ येईपर्यंत झगडतं, कारण छापलेलं चुकत नाही असा त्याचा विश्वास असतो. म्हणून उत्तरसूची ज्यानं प्रश्न काढले त्यानं तपासायची नाही. दुसऱ्या शिक्षकानं सूची न बघता सगळी गणितं कोऱ्या कागदावर सोडवायची आणि मग ताडून पाहायची. शक्य असेल तर पाचवीतल्या एखाद्या पोराला संच पूर्ण सोडवायला बसवावं. गणिताच्या चुका तर तो पकडतोच, पण सूचनेतलं कोणतं वाक्य कळत नाही हेही तिथेच कळतं.

एवढं करूनही चूक राहतेच. म्हणून उत्तरांच्या पानाच्या माथ्यावर एक ओळ ठळक छापावी: ‘तुझा ताळा जुळतो आणि तरी उत्तर इथल्याशी जुळत नाही, तर तुझं उत्तर खोडू नकोस. शेजारी चांदणी काढ आणि पुढे जा.’ परत आलेल्या संचांत एकाच गणितापुढे तीन-चार वह्यांत चांदणी दिसली, की आपली छपाई चुकली हे समजावं. मग पुढच्या संचाच्या मुखपृष्ठावर दुरुस्ती छापावी आणि तिच्याखाली चांदणी काढणाऱ्या मुलांची नावं द्यावीत.